बेसिनमधला भोवरा: पृथ्वीचं फिरणं, भांड्याचा आकार आणि पाण्यात उरलेली हालचाल कशी वेगळी काढायची

उत्तर गोलार्धात बेसिनमधलं पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत जातं आणि दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. त्याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्यातून येणाऱ्या कोरिऑलिस परिणामाला दिलं जातं. परिणाम खरा आहे आणि सांगितलेली दिशाही बरोबर आहे. घरातल्या बेसिनमध्ये मात्र तो इतका क्षीण असतो, की पाणी कुठे फिरणार हे ठरवायला त्याच्या हातात काहीच उरत नाही. तिथे निर्णय देतात पाण्यात आधीच असलेली हालचाल आणि भांड्याची घडण. पृथ्वीचा वाटा दिसावा असं वाटत असेल तर या दोन्ही गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. ते शक्य आहे, फक्त त्याला बेसिन पुरत नाही आणि जवळजवळ सव्वा दिवस थांबावं लागतं. इथे दोन्ही प्रयोग दिले आहेत: पहिला स्वयंपाकघरातला, दुसरा मोठ्या टाकीचा.

सोयीसाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला ‘सुलट’ आणि त्याविरुद्ध दिशेला ‘उलट’ म्हणू. पाहणं नेहमी वरून.

आधी वेगांचा हिशेब

पृथ्वी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी घेते. पण बेसिनच्या दृष्टीने मोलाचा आहे तो या फिरण्याचा उभ्या अक्षाभोवतीचा भाग, आणि तो अक्षांशावर अवलंबून असतो. ध्रुवावर तो पूर्ण मिळतो, विषुववृत्तावर शून्य होतो. मधल्या ठिकाणी २३ तास ५६ मिनिटांना अक्षांशाच्या साइनने भागायचं. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश, त्याची साइन ०.३१७. म्हणजे पुण्यातली जमीन तिथल्या उभ्या अक्षाभोवती सुमारे ७५ तासांत एकदा फिरते. नागपुरात याच फेरीला ६६ तास लागतात, गोव्यात ९० च्या आसपास.

आता ४० सेंटिमीटर व्यासाचं बेसिन घ्या. मध्यापासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे कडेला, पृथ्वीमुळे पाण्याला मिळणारा वेग सेकंदाला ०.००४६ मिलिमीटर भरतो. मिनिटभरात पाणी जेमतेम पाव मिलिमीटर सरकतं. उलटपक्षी, नळ बंद करून मिनिट झाल्यावरही बेसिनमधलं पाणी सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने सहज फिरत असतं. हा वेग पृथ्वीच्या वाट्याच्या दोन हजार पट आहे. पाणी ‘शांत’ दिसू लागल्यावर, समजा, सेकंदाला एक मिलिमीटर उरला, तरी तो दोनशे पट. एवढी हळू हालचाल डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून पाणी थांबलं असं वाटतं. गैरसमजाचं मूळ इथे आहे.

भोवरा मुळात तयार का होतो हेही इथेच पाहून घेऊ, कारण पुढे त्याची गरज लागेल. पाणी छिद्राकडे ओढलं जाताना त्याचं मध्यापासूनचं अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार जवळपास तसाच राहतो. अंतर वीस पटींनी कमी झालं, की वेग वीस पटींनी वाढतो आणि फेरीला लागणारा वेळ चारशे पटींनी घटतो. त्यामुळे कडेला न दिसणारी फिरकी छिद्रापाशी जोरदार भोवरा बनून दिसते. ही वाढ मूळ फिरकी कुठून आली याची चौकशी करत नाही. पृथ्वीची असो वा नळाची, जी मोठी असेल तीच मोठी होऊन समोर येते.

प्रयोग पहिला: स्वयंपाकघरातलं सिंक

तळाशी बूच बसवता येईल असं सिंक किंवा बेसिन चालेल. बुचाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे हात पाण्यात न घालता ते सरळ वर ओढता येईल. सिंक १२ ते १५ सेंटिमीटर भरा आणि नळ बंद करा. तळहाताने कडेकडेने सुलट पाच फेऱ्या द्या, हात काढा, एक मिनिट थांबा आणि बूच ओढा. भोवरा सुलट येईल. पुन्हा भरा, या वेळी उलट पाच फेऱ्या द्या आणि तेवढंच थांबून बूच काढा. आता तो उलट येईल. तेच सिंक, तेच शहर, पाच मिनिटांच्या अंतराने दोन विरुद्ध दिशा. दिशा गोलार्धाने ठरत असती तर हे घडलंच नसतं.

तिसऱ्या खेपेला हाताने काहीच ढवळू नका. नळाने भरा, दहा मिनिटं थांबा आणि बूच काढा. बहुतेक सिंकमध्ये दर वेळी एकच दिशा मिळते, आणि नेमका याच गोष्टीचा लोकांना पृथ्वीचा पुरावा वाटतो. ती दिशा सिंकची आहे. नळाची धार छिद्राच्या एका बाजूला पडते, त्यामुळे भरतानाच पाणी ठराविक बाजूला वळतं. छिद्र मध्यावर नसतं, तळाचा उतार एकीकडे जास्त असतो, एक भिंत सरळ तर दुसरी गोल असते. पाणी अशा तळावरून घसटत छिद्राकडे येताना एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी येतं, आणि त्या फरकातून फिरकी तयार होते.

हे तपासायला नळाची धार बदला. नळाला रबरी नळी लावून तिचं तोंड छिद्राच्या उजवीकडच्या भिंतीला टेकवा आणि धार भिंतीलगत, तुमच्यापासून दूर जाईल अशी सोडा. हे भरणं उलट झालं. दुसऱ्या खेपेला नळी डावीकडच्या भिंतीला लावा आणि धार पुन्हा तुमच्यापासून दूर सोडा; हे सुलट. दिशा नळीप्रमाणे बदलली, तर तुमच्या सिंकमध्ये भरण्याची हालचाल वरचढ आहे. ती बदललीच नाही, तर भांड्याचा आकार वरचढ आहे. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पृथ्वी हिशेबात येत नाही, कारण सिंक रिकामं व्हायला मिनिट लागतं आणि त्या मिनिटात पुण्याची जमीन ०.०८ अंशच वळलेली असते.

कमोडबद्दलही हाच समज आहे, पण तिथे चर्चेला वावच नाही. कडेखालची भोकं तिरपी असतील तर ती पाण्याला ठराविक दिशेने ढकलतात.

मॅसॅच्युसेट्सची टाकी

पृथ्वीचा वाटा वेगळा काढून दाखवणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले ॲशर शपिरो यांनी केला आणि १९६२ साली तो ‘नेचर’मध्ये आला. त्यांची टाकी गोल, सपाट तळाची, ६ फूट व्यासाची होती. पाणी फक्त ६ इंच. तळाच्या मध्यावर ३/८ इंचाचं छिद्र, त्याला २० फुटी नळी, आणि बूच नळीच्या दूरच्या टोकाला, म्हणजे ते काढताना टाकीतलं पाणी हलत नाही. टाकी मुद्दाम सुलट भरली होती. उत्तर गोलार्धात अपेक्षित दिशा उलट असल्यामुळे उरलेली हालचाल उत्तराला मदत न करता विरोध करणार होती. मग वर प्लास्टिक अंथरून, खोलीचं तापमान सांभाळून, २४ तास थांबायचं.

टाकी रिकामी व्हायला सुमारे २० मिनिटं लागत. पहिली १२ ते १५ मिनिटं काहीच फिरताना दिसत नसे. नंतर छिद्रावरचा लाकडी काड्यांचा छोटा तरंगता क्रॉस हळूहळू उलट फिरू लागे, आणि शेवटी त्याची एक फेरी तीन-चार सेकंदांत होई. हा आकडा हिशेबाशी किती जुळतो ते पाहण्यासारखं आहे. तिथला अक्षांश ४२ अंश. पृथ्वीचा उभा वाटा सेकंदाला ०.००००४९ रेडियन. ९० सेंटिमीटरवरचं पाणी छिद्राच्या कडेपर्यंत, म्हणजे ०.४८ सेंटिमीटरपर्यंत आलं, तर एका फेरीला साधारण ३.६ सेकंद लागायला हवेत.

सुरुवातीची शांतता का? कारण आधी मध्याजवळचं पाणी निघून जातं, आणि त्याने फारसं अंतर कापलेलं नसतं. कडेचं पाणी सर्वांत जास्त फिरकी घेऊन येतं, पण ते शेवटी पोचतं. अस्सल परिणाम ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

शपिरोंनी थांबण्याचा वेळ तास-दोन तासांवर आणला तेव्हा भोवरा सुलट आला, म्हणजे भरण्याच्या दिशेने. १९६५ साली सिडनीत लॉइड ट्रेफेथेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच टाकीवर, १८ तास आणि त्याहून जास्त थांबून, सुलट भोवरा मिळवला. ३४ अंश दक्षिणेला तोच यायला हवा होता.

२४ तास कुठून आले

भोवऱ्याच्या सगळ्या प्रयोगाचा जीव या थांबण्यात आहे, म्हणून याला थोडी जागा द्यायला हवी. पाण्यातली मंद हालचाल तळाशी होणाऱ्या घर्षणाने मरते, आणि ते घर्षण वरपर्यंत पोचायला लागणारा वेळ पाण्याच्या खोलीच्या वर्गावर अवलंबून असतो. १५ सेंटिमीटर खोलीला, २० अंश सेल्सिअस तापमानात, दर अडीच तासांनी वेग साधारण एक तृतीयांशाच्या थोडा वर येतो. खोली ३० सेंटिमीटर केली की अडीचचे दहा तास होतात, आणि मग एका प्रयोगाला आठवड्याचे चार दिवस जातील. म्हणून पाणी जास्त घेण्याचा मोह टाळायचा. फार उथळही नको: पाच-सात सेंटिमीटर पाण्यात तळाचं घर्षण पृथ्वीची फिरकीसुद्धा खाऊन टाकतं.

पुण्यासाठी हिशेब करू. १.८ मीटर व्यासाच्या टाकीत कडेला पृथ्वीचा वाटा सेकंदाला ०.०२१ मिलिमीटर. उरलेली हालचाल त्याच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपर्यंत खाली आली पाहिजे. भरल्यावर सेकंदाला एक सेंटिमीटरने सुरुवात धरली, तर ती पाच हजार पटींनी कमी व्हायला हवी. वरच्या दराने याला साडेएकवीस तास लागतात. आपल्याकडचं पाणी २६-२७ अंशांचं असतं. कोमट पाणी पातळ असल्याने घर्षण कमी आणि थांबणं जास्त, म्हणजे २४-२५ तास. सुरक्षित आकडा ३० तास धरा. अक्षांश कमी असल्यामुळे आपल्याला मिळणारी फिरकी मॅसॅच्युसेट्सच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेव्हा तिथे चालून गेलेली सैल बाजू इथे चालणार नाही.

प्रयोग दुसरा: टाकी बांधणे

टाकी १.८ मीटर व्यासाची, नीट गोल, सपाट तळाची हवी. मत्स्यपालनासाठी मिळणारी गोल फायबरची टाकी चांगली. फुगवायचा लहान मुलांचा पूल टाळा: त्याच्या तळाला सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती छिद्राकडे येणाऱ्या पाण्याला एका बाजूला वळवते. १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३८० लिटर, तितकेच किलो वजन. बाल्कनीत किंवा साध्या टेबलावर हे ठेवू नका. जमिनीला लागून असलेला पक्का ओटा उत्तम.

तळाचा मध्य दोरीने काटकोनात दोन व्यास आखून काढा आणि १० मिलिमीटरचं छिद्र पाडा. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पाइप जोडायची फ्लँज खालून एम-सीलने चिकटवा. तळाच्या वर काहीही डोकावता कामा नये. बाजारात मिळणारं टँक निपल वरून बसवलं तर त्याचा नट पाण्यात उभा राहतो आणि त्याचे कोपरे पाण्याला वळण देतात. छिद्राखाली किमान फूटभर पाइप सरळ उभा ठेवा. मग पाऊण इंची पाइप सहा मीटर लांब न्या, कुठेही वेटोळं न करता, पूर्ण वाटेवर उतार ठेवून. शेवटी बॉल व्हॉल्व्ह. त्याचं तोंड टाकीच्या तळापेक्षा मीटरभर खाली असेल तर पाणी वीस-पंचवीस मिनिटांत जाईल, अर्धा मीटर असेल तर अर्ध्या तासात.

टाकीखाली फळ्या आणि विटा देऊन पाणसळीने सारखी करा. या व्यासावर दोन टोकांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. टाकी भरून एक दिवस तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा, कारण वजनाने विटा बसतात. याच दिवशी व्हॉल्व्ह गळतो का ते बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त. एवढी गळती पाणी थांबायच्या आतच छिद्राकडचा प्रवाह सुरू करते.

खऱ्या प्रयोगाचं पाणी आदल्या रात्री पिंपात भरून त्याच खोलीत ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असू शकतं, आणि पाण्यात तापमानाचा फरक असला की वरखाली प्रवाह सुरू होतात. ते प्रवाह घर्षणाने मरत नाहीत, कारण फरक टिकून असेपर्यंत त्यांना जोर मिळत राहतो. महाराष्ट्रात यासाठी जुलै-ऑगस्ट सोयीचे: दिवसरात्रीच्या तापमानात फरक कमी असतो. पंखा, एसी बंद. खिडकीवर ऊन येत असेल तर पडदा.

भरताना आधी पाइपात पाणी भरून हवा बाहेर काढा. राहिलेला बुडबुडा मधेच वर येतो आणि मग सगळं थांबणं वाया जातं. नळीचं तोंड भिंतीलगत धरून सुलट दिशेने भरा. १५ सेंटिमीटर झाल्यावर नळी हळूच काढा आणि कडेवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधा, पाण्याला न टेकवता. झाकण दोन कामं करतं: वारा अडवतं आणि बाष्पीभवन थांबवतं. उघडं पाणी वरून गार होतं आणि गार पाणी खाली बुडू लागतं. झाकणाच्या मध्यावर पाच सेंटिमीटरचं भोक ठेवून त्यावर टेप लावा.

तीस तासांनी व्हॉल्व्ह उघडा, एका दमात पूर्ण. टाकीला हात लावू नका. दोन-तीन मिनिटांनी टेप काढून, काडेपेटीच्या काडीच्या अडीच सेंटिमीटरच्या दोन बारीक चिरा क्रॉसमध्ये चिकटवून केलेला तरंगता क्रॉस दोऱ्याने अलगद छिद्रावर सोडा आणि दोरा बाजूला घ्या. मध्याकडे येणारं पाणी त्याला तिथेच धरून ठेवतं. मोबाइल वर स्टँडवर लावून सुरुवातीपासून चित्रण करा, कारण हळू फिरकी डोळ्यांपेक्षा वेगाने चालवलेल्या चित्रणात लवकर कळते.

पुण्यात हिशेबाने छिद्राच्या कडेला एका फेरीला आठ-साडेआठ सेकंद लागतील. ही वेगाची वरची मर्यादा आहे. तळाचं घर्षण त्यातला काही भाग घेतं, आणि तरंगता छिद्रापेक्षा मोठा असल्यामुळे आणखी हळू फिरतो. अर्ध्या मिनिटाला एक फेरी दिसली तरी ती समाधानकारक समजा.

निकाल कसा वाचायचा

पहिल्या दोन-तीन मिनिटांतच तरंगता फिरू लागला, तर ती पृथ्वी नव्हे, उरलेली हालचाल आहे. दिशा बरोबर आली तरी ती खेप बाद धरा. खूप वेळ शांत राहून शेवटच्या भागात उलट फिरकी आली आणि ती वाढत गेली, तर खेप चांगली. दोन्ही दिशांना डुलत राहिला, तर बहुधा तापमानाचा दोष आहे. पाण्याच्या तळाचं आणि वरचं तापमान मोजा.

एका खेपेवर थांबू नका. तीन वेळा सुलट भरून आणि तीन वेळा उलट भरून, आळीपाळीने, सहा खेपा घ्या. सहाही उलट आल्या तर तसं योगायोगाने होण्याची शक्यता ६४ मध्ये एक आहे. दिशा भरण्याप्रमाणे बदलत राहिली तर थांबणं कमी पडतंय: सहा तास वाढवा. पाणी पिंपात परत घेऊन पुढच्या खेपेला वापरा.

सहाही खेपांत एकच दिशा आली, तरी एक शंका उरते: टाकीच्या घडणीतच ते वळण असेल तर? टाकी जागेवर फिरवून याचं उत्तर मिळत नाही. टाकी फिरवल्याने फक्त उताराचा दोष उघडा पडतो; छिद्राच्या कडेला असलेलं वळण टाकीबरोबर फिरतं आणि तसंच राहतं. त्यासाठी त्याच टाकीत व्यवस्थित थांबून तीन खेपा घ्या, पण छिद्रावर १० मिलिमीटर भोकाची पातळ, सपाट ॲक्रिलिक चकती बसवून, आणि मग तीच चकती उलटी करून. दिशा आणि गती दोन्ही वेळा तशीच राहिली तर छिद्र निर्दोष आहे. बाकीच्या टाकीसाठी खरी परीक्षा दक्षिण गोलार्धातच होते. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये कुणी नातेवाईक असेल तर हीच मापं त्यांना पाठवा. सिडनीत पृथ्वीचा वाटा पुण्याच्या पावणेदोन पट आहे, त्यामुळे त्यांचा भोवरा तुमच्यापेक्षा आधी आणि जास्त वेगाने दिसायला हवा, सुलट.

केनियात नान्युकीला विषुववृत्ताच्या रेषेवर पर्यटकांना दाखवला जाणारा खेळ याच मोजमापाने तपासता येतो. रेषेच्या एका बाजूला काही पावलांवर पाणी एका दिशेने फिरवून दाखवतात, दुसऱ्या बाजूला विरुद्ध. रेषेपासून २० मीटरवर पृथ्वीच्या उभ्या वाट्याची एक फेरी पुरी व्हायला सुमारे ८७० वर्षं लागतात. तिथे दिशा ठरते ती पाणी भांड्यात कुठल्या बाजूने ओतलं आणि दाखवणारा भांडं घेऊन कुठल्या बाजूने वळला यावर. पुढे कुणी ते बघायला गेलं, तर छिद्राकडे नव्हे, ओतणाऱ्याच्या हाताकडे आणि पायांकडे बघा.